शब्द हवा: 'लोकल हिडन व्हेरिएबल्स'ला मराठीत काय म्हणावं?

दर्यापूरकर:
२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनासाठी शाळेत भित्तीपत्रक करून राहिलो. विषय घेतला २०२२ चं फिजिक्सचं नोबेल, म्हणजे आस्पे, क्लाउझर आणि झाइलिंगर, आणि त्यांनी मोडून दाखवलेली बेलची असमानता. सगळं जमलं पण 'लोकल हिडन व्हेरिएबल्स' इथं गाडी अडली. मी लिहिलं होतं 'स्थानिक अज्ञात चल'. आमचे एक रिटायर झालेले सर आले, त्यांनी पेनानं 'अज्ञात' खोडलं आणि वर 'सुप्त' लिहून गेले. म्हणे अज्ञात म्हटलं की अर्थच बदलते. मले तर दोन्ही सारखेच वाटतात. काय ठेवू?

कपाशी_आणि_तूर:
असमानता वाचून धागा उघडला भाऊ, वाटलं विदर्भाच्या अनुशेषावर कोणीतरी पुन्हा लिहिलं. दांडेकर समितीपासून आम्ही 'असमतोल' शब्द ऐकून राहिलो, तोच वापरा ना. बेल कोणत्या जिल्ह्याचा?

दर्यापूरकर:
बेल उत्तर आयर्लंडचा हो, बेलफास्टचा. १९६४ चा पेपर आहे त्याचा. असमतोल नाही चालणार, इथं गणितातली असमानता आहे, एक संख्या दुसरीपेक्षा मोठी होऊ शकत नाही असं सांगणारी.

आर्वीचे_आजोळ:
'चल' हा शब्दच मुळात ढिला आहे. चर आणि अचर अशी सुंदर जोडी आपल्याकडे असताना चल कशाला? 'निगूढ चर' म्हणा. गुह् धातूपासून, मुद्दाम झाकून ठेवलेलं. आणि दोन कणांचं नातं जुळतं त्या एंटँगलमेंटला 'गुंता' लिहिलं असेल तर तेही बदला, गुंता म्हणजे सोडवायची गोष्ट. ग्रंथ् धातू गाठ मारणे या अर्थाचा. तेव्हा 'ग्रथित कण' जास्त शुद्ध.

संत्राबर्फी:
काका, दहावीची पोरं 'निगूढ चर' वाचून भूताची गोष्ट समजतील. साधं 'छुपे चल' करा. विषय तसाही सोपा आहे. दोन कण एकाच जागी जन्मले, निघताना दोघांच्या खिशात चिठ्ठी टाकली, एकावर 'वर' लिहिलं तर दुसऱ्यावर 'खाली'. मग एक अकोल्याला मोजा, एक वर्ध्याला, नेहमी उलटच निघणार. चिठ्ठी आपल्याला दिसत नाही म्हणून छुपी. आणि बेलनं सिद्ध केलं की चिठ्ठी नाहीये, एक कण दुसऱ्याला प्रकाशापेक्षा जोरात निरोप पाठवते. झालं.

मेळघाटची:
संत्राबर्फी, तुमचं अर्धं बरोबर आहे, पण गंमत अशी की तुम्ही जे सांगितलं तेवढ्यानं चिठ्ठी खोटी ठरतच नाही. एकाच दिशेनं मोजलं आणि दर वेळी उलट आलं, तर चिठ्ठीवाला आरामात म्हणेल, बघा मी म्हणतच होतो. चिठ्ठी मरते ती दिशा बदलल्यावर. थोडं लांब लिहिते, चालेल ना?

दोन्हीकडच्या माणसांना तीन दिशा द्या, एक सरळ उभी, बाकीच्या दोन तिच्यापासून १२० अंशावर, म्हणजे तिन्ही एकमेकींपासून १२० वर. कण निघाल्यावर दोघंही आपापल्या मनानं एक दिशा निवडतात आणि स्पिन मोजतात, उत्तर फक्त वर किंवा खाली. दिशा सारखी निवडली गेली तर उत्तरं नेहमी उलट, हे प्रयोगातून माहीत आहे. कोणती दिशा विचारली जाईल हे कणाला निघताना माहीत नाही, म्हणून चिठ्ठीत तिन्ही दिशांची उत्तरं लिहिलेली पाहिजेत, आणि दुसऱ्याच्या चिठ्ठीत बरोब्बर उलटी.

समजा अकोल्याकडच्या कणाच्या चिठ्ठीत 'वर, वर, खाली' आहे. मग वर्ध्याकडच्याच्या चिठ्ठीत 'खाली, खाली, वर'. आता दोघांनी वेगळ्या दिशा निवडल्या असे सहा प्रकार होतात. अकोला पहिली, वर्धा दुसरी: वर आणि खाली, उलट. अकोला दुसरी, वर्धा पहिली: तेही उलट. बाकी चार प्रकार करून बघा, दोघांचं उत्तर सारखंच निघते. म्हणजे सहात दोनदा उलट, एक तृतीयांश. 'वर, वर, वर' लिहिलं तर सहाच्या सहा उलट. चिठ्ठीचा तिसरा प्रकारच नाही, तीन जागा आणि दोन उत्तरं म्हटल्यावर निदान दोन तर सारखी येणारच. म्हणून चिठ्ठ्या कशाही मिसळा, वेगळ्या दिशांना उलट उत्तर येण्याचं प्रमाण एक तृतीयांशाच्या खाली जाऊच शकत नाही. हीच असमानता.

क्वांटमचं गणित सांगते की हे प्रमाण दिशांमधल्या अर्ध्या कोनाच्या कोसाइनचा वर्ग, म्हणजे cos²60°, म्हणजे एक चतुर्थांश. वेगळ्या दिशांच्या १२०० जोड्या मोजल्या तर चिठ्ठीवाल्याला किमान ४०० च्या आसपास उलट पाहिजेत, क्वांटमला ३०० च्या आसपास. मधल्या फरकाला लपायला जागा नाही.

दर्यापूरकर:
ताई, सहाही प्रकार वहीत मांडून पाहिले, बरोबर निघून राहिले. हे तर आठवीच्या पोराला समजेल. पण मग हिडनला काय लिहू? आधीच ठरलेलं म्हणून 'पूर्वनिश्चित' चालेल का?

मेळघाटची:
नको, त्यानं अर्थ आखडतो. चिठ्ठीऐवजी खिशात फासा ठेवला, म्हणजे उत्तर आयत्या वेळी नशिबानं ठरते पण फाशाचा कल घरूनच आणलेला आहे, तरी बेल त्यालाही पकडतो. त्यासाठी क्लाउझर, हॉर्न, शिमोनी आणि होल्ट यांनी १९६९ मध्ये जी आवृत्ती दिली ती वापरतात. दोन्ही बाजूला दोन दोन दिशा, चार जोड्यांचे सहसंबंध काढायचे, तीन मिळवायचे, एक वजा करायचा. चिठ्ठी असो की फासा, बेरीज S ≤ 2 राहते. स्पिनच्या दिशा नीट निवडल्या तर क्वांटम 2√2 पर्यंत जाते, म्हणजे 2.83 च्या जवळ. म्हणून 'पूर्वनिश्चित' नको, आणि तुमच्या सरांचा आक्षेपही तिथलाच असावा. अज्ञात म्हणजे आपल्याला माहीत नाही. हिडन म्हणजे कणाजवळ आहे, वर्णनात मात्र आलेलं नाही.

कपाशी_आणि_तूर:
सुप्त म्हटलं की आमच्या शेतकऱ्याच्या डोक्यात बियाण्याची सुप्तावस्था येते. पसऱ्या भुईमुगाचं बी काढल्याबरोबर पेरलं तर उगवत नाही, काही दिवस झोपून राहते, मग उठते. तुमचा चल नंतर उठते का?

मेळघाटची:
नाही उठत भाऊ, तो पूर्ण वेळ जागाच असतो, फक्त दिसत नाही. सुप्त मलाही पटत नाही.

आर्वीचे_आजोळ:
म्हणजे निगूढ. मी काय म्हणत होतो?

संत्राबर्फी:
ताई, पण मग निरोप जातो हे तरी कबूल करा ना.

मेळघाटची:
निरोप म्हणजे जर मजकूर, तर नाही. अकोल्याच्या माणसाला एकट्याला बसवा, त्याला निम्मे वर, निम्मे खाली दिसतात, वर्ध्यात कोणीही कोणतीही दिशा लावो. त्याच्या वहीतून वर्ध्याची दिशा ओळखताच येत नाही. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्यावरच तो २५ टक्क्याचा आकडा निघतो, आणि वह्या एकत्र आणायला फोन नाही तर एसटी लागतेच. बेलनं जे पाडलं ते एवढंच: उत्तर फक्त इथल्या गोष्टींवर आणि कणानं सोबत आणलेल्या सामानावर अवलंबून आहे, हे गृहीतक.

म्हणूनच म्हणते तुम्ही सगळे चुकीच्या शब्दावर भांडून राहिले. 'हिडन'वर काही अडत नाही. बोमनं १९५२ मध्येच छुपे चल असलेला सिद्धांत मांडला, तो क्वांटमचे सगळे आकडे बरोब्बर देतो, बेलची मर्यादा मजेत ओलांडतो. कारण त्यात तिकडची दिशा फिरवली की इकडच्या कणावर लगेच परिणाम होतो. छुपं आहे, पण लोकल नाही. खरा शब्द लोकल आहे, आणि 'स्थानिक' वाचून पोरांना नगरपंचायत आठवते.

दर्यापूरकर:
खरंच, एका पोरानं विचारलंच की सर, स्थानिक चल म्हणजे आपल्या गावचे का.

आर्वीचे_आजोळ:
'स्वस्थानबद्ध'.

संत्राबर्फी:
काका 🙏 त्यापेक्षा 'लोकल'च राहू द्या. रेल्वेपासून डॉक्टरपर्यंत सगळे लोकल म्हणतात. भाषा वापरानं घडते.

आर्वीचे_आजोळ:
वापरानं झिजतेही. आणि लोकल डॉक्टर म्हणताना तुम्ही जे म्हणता तेच इथं म्हणायचंय का? नाही. मग रूढ असून काय उपयोग?

मेळघाटची:
काकांचा हा मुद्दा मात्र मान्य. मी वर्गात 'जागच्या जागचे' म्हणते. शब्द गावठी आहे, पण पोरगं लगेच विचारते की जागच्या जागी म्हणजे किती जागेत, आणि तोच प्रश्न पाहिजे असतो. मग डेल्फ्टचा २०१५ चा प्रयोग सांगता येते. हिऱ्यातल्या दोषात अडकलेले दोन इलेक्ट्रॉन स्पिन, मध्ये अंतर साधारण 1.3 किलोमीटर. एवढं अंतर कापायला प्रकाशाला चार मायक्रोसेकंदांपेक्षा थोडं जास्त लागते. दिशा निवडून मोजणी संपेपर्यंतचं काम त्याच्या आत उरकलं, म्हणजे इकडची खबर तिकडे पोचूच शकत नाही. आणि एकही जोडी गाळली नाही. जुन्या फोटॉनच्या प्रयोगांत बरेचसे फोटॉन सापडतच नसत, तिथं चिठ्ठीवाला म्हणू शकायचा की सापडलेलेच नेमके लबाड होते.

दर्यापूरकर:
त्यात S किती आला?

मेळघाटची:
2.42, मागेपुढे 0.20. जोड्या फक्त २४५, कारण दोन्हीकडचे स्पिन खरोखर गुंतले असा इशारा तासाला जेमतेम एकदा मिळायचा.

संत्राबर्फी:
2.83 नाही आला म्हणजे क्वांटम पण पूर्ण बरोबर नाही की!

मेळघाटची:
नाही हो. जोडी जितकी कच्ची गुंतली आणि वाचन जितकं चुकलं तितका S घसरतो, ते धरून हिशेब केला तर जवळपास इतकाच अपेक्षित होता. इतक्या कमी जोड्यांवर योगायोगाची शंका राहतेच, साधारण चार टक्के होती. त्याच वर्षी व्हिएन्ना आणि बोल्डरला फोटॉन घेऊन केलं त्यात ती शंका फारच बारीक झाली.

कपाशी_आणि_तूर:
एक इचारू का ताई. दिशा निवडणारा जो माणूस नाही तर मशीन आहे, त्याची निवड पण आधीच ठरली असंल, आणि चिठ्ठी लिहिणाऱ्याले ते माहीत असंल तर?

मेळघाटची:
भाऊ, तुम्ही बेल कोणत्या जिल्ह्याचा विचारणारेच ना? 😀 ही वाट खरंच उघडी आहे. त्याला सुपरडिटर्मिनिझम म्हणतात. निवडीसाठी फार दूरच्या ताऱ्यांचा आणि क्वेझारचा प्रकाश वापरून पाहिला, त्यानं ती मिलीभगत खूप जुन्या काळात ढकलली जाते, पण पूर्ण बंद होत नाही. मला स्वतःला ती पळवाट वाटते. सगळेच आधी ठरलेले असेल तर कोणत्याच प्रयोगाचा निकाल मानायचं कारण उरत नाही.

आर्वीचे_आजोळ:
सुपरडिटर्मिनिझमला 'दैव' हा तयार शब्द आहे.

संत्राबर्फी:
दैव नाही काका, 'प्रारब्ध'. दैव बदलते म्हणतात, नवस करून.

आर्वीचे_आजोळ:
प्रारब्ध म्हणजे ज्याचा आरंभ झाला आहे ते. संचित आणि क्रियमाण वेगळे. इथं संचित जास्त बसेल.

दर्यापूरकर:
अहो, पत्रक उद्या लावायचंय. 'जागच्या जागचे छुपे चल' लिहू की नको?

कपाशी_आणि_तूर:
संचित म्हटलं की सिंचन वाटते मले.