वह्यांची अदलाबदल आणि एका पायरीवरचं भांडण

पाटीपेन्सिल
दहावीच्या वर्गसमीकरणांचा विषय निघाला आणि ही जुनी गोष्ट आठवली. एका बाकावरचे दोघे, साहिल आणि मृण्मयी. गणित होतं x(x − 2) = 3(x − 2). वह्या बदलल्या. साहिलचं दोन ओळींत संपलेलं: दोन्ही बाजूंना (x − 2) ने भागलं, x = 3. खाली ताळाही होता, 3 × 1 = 3 × 1. मृण्मयीने दुसऱ्या ओळीशेजारी पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्ह काढलं.

"ताळा जुळतोय की. चूक कुठाय?"
"2 घालून बघ."
"शून्य बरोबर शून्य आलं. म्हणजे काहीच आलं नाही."
"शून्य बरोबर शून्य हे खरं आहे ना? मग 2 पण उत्तर. तू शून्याने भागलंस."
"शून्याने कुठे? x − 2 ने भागलं!"

तेवढ्यात घंटा झाली. तुमच्याकडे अशी भांडणाची पायरी कुठली? लिहा.

निळीशाई
चलाने कध्धीच भागायचं नाही. विषय संपला.

कोनमापक
@निळीशाई, एवढं सरसकट नको. भागायला हरकत नाही, पण शेजारी "x ≠ 2 धरून" असं लिहायचं आणि मग x = 2 ची वेगळी ओळ करायची. साहिलची पहिली ओळ चुकीची नाही, अर्धी आहे. x − 2 मध्ये शून्य दडलंय ते x ला 2 मिळेपर्यंत दिसत नाही, म्हणूनच "शून्याने कुठे?" हा प्रश्न त्याला प्रामाणिकपणे पडतो. आणि दोन्ही बाजूंना (x² + 1) असतं तर बिनधास्त भागा, वास्तव संख्यांत ते कधी शून्य होतच नाही.

गोड_शिरा
कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता लिहितेय. मुलीच्या वहीत उलटा घोळ. √(2x + 3) = x चा वर्ग केला, x² − 2x − 3 = 0, उत्तरं 3 आणि −1. पुस्तकामागे फक्त 3. छपाईची चूक का?

कोनमापक
नाही ताई, पुस्तक बरोबर आहे. −1 घाला: डावीकडे √1 म्हणजे 1, उजवीकडे −1. वर्ग केला की 1 आणि −1 सारखेच दिसतात, म्हणून पाहुणं मूळ घरात शिरतं. इथे ताळा त्याला पकडतो. साहिलचा प्रकार जास्त वाईट, कारण हाती उरलेलं 3 खरंच बरोबर आहे. जे मूळ वहीत उतरलंच नाही त्याचा ताळा कोण घेणार?

गोड_शिरा
अगं बाई! म्हणजे ताळा जास्तीचं पकडतो, हरवलेलं नाही. 🙏

चिंचबोरं
सोपी युक्ती: वर्गसमीकरणाला दोन मुळं असतातच. एकच आलं की समजायचं गडबड.

पाटीपेन्सिल
x² − 6x + 9 = 0 ला काय म्हणाल? 3 आणि परत 3. तिथे एकच दिसतं आणि गडबड काहीच नाही.

चिंचबोरं
बरं, अर्धी युक्ती. 😅 मग गडबड आहे की नाही, कळायचं कसं?

पाटीपेन्सिल
कंस सोडवून x² − 5x + 6 = 0 करा. मुळांची बेरीज 5 हवी, गुणाकार 6. साहिलकडे 3 आहे, बेरजेला 2 कमी पडतात, आणि तेच हरवलेलं मूळ. 3 दोनदा धरलं तर बेरीज 6 होते, म्हणजे तेही नाही. अर्ध्या मिनिटाचं काम.

बारावीची_बाई
पुढे त्रिकोणमितीत हेच दामदुप्पट. 2 sinθ cosθ = cosθ, 0° ते 360°. cosθ ने भागलं की sinθ = ½, उत्तरं 30° आणि 150°. 90° आणि 270° गायब. cosθ डावीकडे आणून सामाईक काढा, cosθ(2 sinθ − 1) = 0, चारही मिळतात. मुलं "cosθ कॅन्सल" म्हणतात ना, तिथेच माती. कॅन्सल हा शब्दच वाईट, खाली काय उरलं ते दिसत नाही.

निळीशाई
मग आता माझं "कध्धीच" मागे घेतो. पण वेग-वेळेच्या शाब्दिक गणितात? तिथे x वेग असतो, शून्य कसा असेल?

कोनमापक
तिथे भागा, पण "वेग धन आहे, म्हणून" ही ओळ लिहा. परवानगी त्या ओळीतून मिळते, सवयीतून नाही.

गोड_शिरा
वही तपासताना पेन्सिल वापरावी की लाल पेन? आमच्याकडे लाल पेनावरून रडारड होते.

चिंचबोरं
पेन्सिल. खोडता येतं आणि मैत्री टिकते. 😄 साहिलला गुण किती द्यायचे ते सांगा आधी.

बारावीची_बाई
अर्धे. भागलं, पण अट लिहिली नाही.

पाटीपेन्सिल
मी एकही देणार नाही. "सोडवा" म्हटलंय, म्हणजे सगळी मुळं हवीत.

बारावीची_बाई
3 बरोबर काढलंय ना त्याने? त्याचं काहीच नाही?