फिल्डवरच्या माणसाचे लॉजिंग बिल: द्यायचे, कापायचे की अडवायचे?

पाइपलाइन_जळगाव
जळगाव एमआयडीसीत ठिबकचे साहित्य बनवणारी आमची छोटी कंपनी आहे, अकाउंट्स मी बघते. प्रवासखर्चाच्या पॉलिसीत तीनच ओळी आहेत: 'मुक्कामाचा खर्च रोज १२०० रुपयांपर्यंत मिळेल. योग्य बिल जोडावे. मंजुरीनंतर रक्कम दिली जाईल.' आमचा सर्व्हिस इंजिनिअर धडगाव भागात तीन रात्री होता. पहिली आणि तिसरी रात्र शहाद्याला, खोली १२०० अधिक जीएसटी ६०. मधली रात्र धडगावला, ५०० रुपये, हाताने लिहिलेली चिठ्ठी, त्यावर नंबर नाही. क्लेम ३०२० चा. मी २४०० पास केले. तो म्हणतो, तीन रात्रींचे ३६०० होतात, मी आतच आहे. मॅनेजरची सही यायला दीड महिना गेला तो वेगळाच. मालकांनी सांगितलंय, नियम नव्याने लिहा, पण एका पानात बसवा. कसे लिहाल?

एरंडोलवाला
ताई, मी पण धंदाच करतो. जितके शब्द वाढवाल तितक्या पळवाटा वाढतील. माझ्याकडे दोन वर्षांपासून सरळ हिशोब आहे: बाहेर मुक्काम झाला की रात्रीचे ठराविक पैसे, बिल मागायचंच नाही. लॉजवर झोप, मावशीकडे झोप, मला काय! भांडण बंद, कारकुनाचा वेळ वाचला.

फिरस्ता_शिरपूर
काय भो, मावशी प्रत्येक तालुक्यात असते का? मी बियाणे कंपनीत आहे. तुमच्यासारखा ठराविक आकडा आमच्याकडेही होता. तो ठरवला तेव्हा बरोबर होता, नंतर लॉजचे दर वाढले आणि आकडा तिथेच राहिला. मग माणूस मुक्काम टाळतो, रात्री अकराला बाईकवर घाट उतरतो.

आमचं खरं भांडण किलोमीटरचं. पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड आली की शहाद्यावरून धडगावला जावं लागतं. ऑफिसातला पोरगा मॅपवर जवळचा रस्ता काढतो आणि वरचे किलोमीटर कापतो. ताईंनी तेही लिहून टाकावं, की रस्ता बंद असेल तर प्रत्यक्ष गेलेला रस्ता धरणार.

नाना_भुसावळ
अंतराचं नंतर बघू, फिरस्ताभाऊ. आधी ताईंचे ६२० रुपये.

तुमच्या पहिल्या ओळीत मर्यादा आहे, पण ती ओलांडली तर पुढे काय, ते नाही. मी आयुष्यभर इंटर्नल ऑडिट केलं, वाद तिथेच पेटतो. ओलांडल्यावर सगळं बिल नामंजूर, की फक्त वरची रक्कम कापायची? कर धरून की सोडून? रात्रीगणिक की दौऱ्याची बेरीज? तिन्ही प्रश्नांवर तुम्ही एक अर्थ घेतला, इंजिनिअरने दुसरा. ओळ दोघांच्याही बाजूने वाचता येते, म्हणून या क्लेमपुरता मी त्याला कापणार नाही. संदिग्ध लिहिल्याचा फटका लिहिणाऱ्याने सोसावा.

कराचं थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे लोक नेहमी अडकतात. जुलै २०२२ पर्यंत हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी नव्हताच. मग १२ टक्के झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७५०० पर्यंतच्या खोलीला ५ टक्के. आता '१२०० कर धरून' असं लिहिलंत तर १२ टक्क्यांच्या काळात माणसाला सुमारे १०७१ ची खोली परवडत होती, आज ११४३ ची. तुम्ही पॉलिसीला हात न लावता मर्यादा हलली! म्हणून मी भाड्यावरच मर्यादा घालतो. माझा मसुदा असा:

'खोलीचे भाडे, कर सोडून, दर रात्री १२०० रुपयांच्या आत प्रत्यक्ष जेवढे दिले तेवढे मिळेल. बिलात लावलेला जीएसटी वेगळा मिळेल. एका रात्रीची उरलेली मर्यादा दुसऱ्या रात्रीला वापरता येणार नाही. भाडे जास्त असेल तर १२०० आणि त्यावरचा कर मिळेल. वरची रक्कम फक्त मुक्कामाआधी मॅनेजरचा होकार मेसेजवर घेतला असेल तरच.'

याने शहाद्याचे दोन वेळा १२६० बसतात. मालकांना कर धरूनच मर्यादा हवी असेल तरी हरकत नाही, मग दोन्ही रात्रींचे साठ-साठ कापले जातील आणि इंजिनिअरला ते निघायच्या आधी माहीत असेल. धडगावचे ५०० मात्र दोन्हीकडे द्यावे लागतील, त्या चिठ्ठीवर काय काय लिहिलंय ते आधी सांगा.

एरंडोलवाला
नाना, रात्रीची उरलेली मर्यादा का जोडू द्यायची नाही? पोराने एक रात्र ५०० मध्ये काढली, कंपनीचे ७०० वाचवले. त्याला शाबासकी द्यायची सोडून तुम्ही साठ रुपयांसाठी अडणार?

नाना_भुसावळ
शाबासकी द्या ना, पण त्या नावाने द्या. बेरीज जोडू दिली की स्वस्त गावातला मुक्काम महागड्या गावच्या खोलीचा पैसा पुरवतो. तीन रात्रींच्या दौऱ्यात ते खपून जाईल. वीस दिवसांच्या दौऱ्यात शेवटच्या दोन रात्री नाशिकच्या मोठ्या हॉटेलात होतात, मी बघितलंय. तरीही लहान कंपनीने बेरजेचा नियम ठेवला तर मी त्याला चूक म्हणणार नाही. फक्त लिहून ठेवा, कोणता आहे तो.

बिलबुक
मला वाटतं चर्चा भलतीकडे चालली आहे. जीएसटी नंबर नसलेलं बिल आयकरात खर्च म्हणून चालतच नाही. धडगावची चिठ्ठी कायद्यानेच बाद आहे, ताईंनी बरोबर केलं. पॉलिसीत एकच ओळ लिहा, 'फक्त जीएसटी बिल'.

पाइपलाइन_जळगाव
नाना, चिठ्ठीवर लॉजचं नाव, तारीख, 'एक खोली एक रात्र' आणि ५०० रुपये आहेत. सही आहे, शिक्का नाही. मला पण बिलबुक म्हणतात तसंच वाटलं होतं.

नाना_भुसावळ
बिलबुकभाऊंचं अर्धं बरोबर आहे. कंपनीला जीएसटीचा परतावा घ्यायचा असेल तर कंपनीच्या नावाचं आणि जीएसटी क्रमांकाचं बिल लागतं. पण परतावा ही एक गोष्ट, आणि धंद्यासाठी पैसे खर्च झाले हे दाखवणं ही दुसरी. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर साधारणपणे त्याला नोंदणीच घ्यावी लागत नाही. अशा लॉजवाल्याने जीएसटी बिल कुठून आणावं? 'फक्त जीएसटी बिल' असं लिहिलंत तर धडगाव, अक्कलकुव्याकडे जाणारा प्रत्येक जण एक तर पदरचे घालेल, नाहीतर शहाद्यातल्या ओळखीच्या हॉटेलातून बिल फाडून आणेल. कडक नियमानेच खोटी बिलं जन्माला येतात.

त्याऐवजी लिहा: 'ठिकाणाचे नाव, तारीख, रक्कम आणि कशाबद्दल, या चार गोष्टी दिसल्या की बिल ग्राह्य. नंबर, शिक्का किंवा जीएसटी नाही एवढ्यावरून ते नाकारले जाणार नाही.' तुमच्या चिठ्ठीत चारही आहेत. ५०० द्या, म्हणजे माझ्या मसुद्याने पूर्ण ३०२० होतात, कर धरूनच्या मर्यादेने २९००.

खोटेपणाची भीती असेल तर चिठ्ठी सर्व्हिस रिपोर्टशी ताडून बघा. ठिबकचा माणूस शेतावर गेला की शेतकऱ्याची तारखेसह सही घेतो. त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या सकाळी सही धडगाव भागातली असेल तर माणूस तिथेच झोपला. खोटं बिल ओळखायला शिक्का फार कामाचा नाही. वेगवेगळ्या लॉजच्या बिलांवर एकच अक्षर, तीन महिन्यांच्या अंतराने आलेल्या बिलांवर लागोपाठचे नंबर, आणि मर्यादा १२०० असताना सगळ्यांची भाडी बरोबर १२००, हे बघा. शेवटचं दिसलं तर मात्र आधी शहाद्याला फोन करून चालू दर विचारा. कधीकधी दर खरंच तेवढा असतो.

फिरस्ता_शिरपूर
आणि यूपीआयचा स्क्रीनशॉट? आमच्याकडे तो चालतो म्हणतात, मग अकाउंट्सवाला परत पाठवतो.

नाना_भुसावळ
स्क्रीनशॉट पैसे कोणाला गेले ते सांगतो, कशाबद्दल गेले ते नाही. खोली, जेवण, की भाच्याला पाठवले? म्हणून बिलाचा जोड म्हणून चालवा. काळीपिवळीत चिठ्ठी मिळतच नाही, तिथे कुठून कुठे, तारीख आणि भाडे एवढं स्वतः लिहून सही केली की पुरे, असं लिहा. एका दिवसाला वरची हद्द घाला, म्हणजे झालं. एसटीच्या मशीनच्या तिकिटाचा फोटो मात्र त्याच दिवशी काढायला लावा. तो कागद खिशात घामाने आणि उन्हाने पांढरा होतो, महिनाअखेरीला कोरी पट्टी जोडलेली मी पाहिली आहे.

गुरुजी_साक्री
आमच्या जिल्हा परिषदेत प्रवासभत्त्याचं बिल वर्षभर पडून राहतं, त्यावर कोणी बोला. दर ठरलेले आहेत, वाद नाही, पण अनुदान आलं तर मिळणार.

एरंडोलवाला
गुरुजी, इथे खासगी कंपनीचं चाललंय. पण दिरंगाईचं दुखणं सारखंच आहे, ताईंच्या मॅनेजरला दीड महिना का लागला?

पाइपलाइन_जळगाव
कपाशी लावणीच्या आधी ठिबकची घाई असते. मॅनेजर स्वतःच चोपडा-यावल पट्ट्यात फिरत होते. मग आले तर एका ओळीवर शंका म्हणून सगळा क्लेम परत पाठवला. इंजिनिअरने दुरुस्त करून दिला, तर मी दुसरीच शंका काढली.

नाना_भुसावळ
त्या शेवटच्या वाक्यात अर्धा महिना गेला असेल. दोन गोष्टी लिहा. 'अकाउंट्सने सर्व शंका एकाच वेळी, क्लेम मिळाल्यापासून पाच कामाच्या दिवसांत लेखी कळवाव्यात.' आणि 'शंका असलेली ओळ बाजूला ठेवून उरलेली रक्कम पुढच्या पेमेंटच्या तारखेला द्यावी.' तुमच्या केसमध्ये वाद ६२० चा होता, अडले होते ३०२०.

दिवस कधीपासून मोजायचे तेही लिहा. दौऱ्यावरून परतल्यापासून सात दिवसांत क्लेम, तो मिळाल्यापासून पाच कामाच्या दिवसांत मॅनेजरची मंजुरी. उशिरा आलेला क्लेम रद्द करू नका, पण त्याला मालकांची सही लागेल असं ठेवा. आणि मॅनेजर गप्प राहिला, तर मर्यादेतला क्लेम मंजूर धरावा.

एरंडोलवाला
नाही, नाही! इथे मी अडणार. मॅनेजर आजारी पडला आणि पैसे आपोआप सुटले? बँकेतून गेलेला पैसा पगारातून परत कापायला गेलं की पुन्हा भांडण. फार तर क्लेम वरच्या माणसाकडे जावा.

फिरस्ता_शिरपूर
वरचा माणूस म्हणजे तुम्हीच ना? मग तुमच्या टेबलावर किती दिवस? तुमच्या गप्प राहण्याला पण तारीख हवी.

एरंडोलवाला
माझा पैसा, माझी तारीख. गंमत सोडा, तीन दिवस मान्य. चौथ्या दिवशी आपोआप मंजूर हे तरीही मान्य नाही.

नाना_भुसावळ
भाऊ, बिलं जोडलेली आहेत, प्रत्येक ओळ मर्यादेत आहे, अकाउंट्सने तपासलंय. मॅनेजरची सही मग फक्त 'हा माणूस खरंच दौऱ्यावर होता' एवढंच सांगते, आणि ते सर्व्हिस रिपोर्टही सांगतो. तिथे आपोआप मंजुरीने फारसं बिघडत नाही. मर्यादेबाहेरच्या ओळीला ती नकोच, तिथे तुमच्याशी सहमत.

पाइपलाइन_जळगाव
आमचे मालक एरंडोलवाल्या भाऊंसारखंच बोलतील. मी दोन्ही मसुदे नेते. मर्यादेचा आणि बिलाचा परिच्छेद नानांचा, चांदसैलीचा रस्ता फिरस्तादादांचा. मंजुरीच्या ओळीसाठी मात्र जागा रिकामी ठेवते. आणखी एक, धडगावला रेंज नसते, तर आधी मेसेजवर होकार कसा घ्यायचा?

फिरस्ता_शिरपूर
शहाद्यातून निघतानाच घ्यायचा. पण मुक्काम अचानक पडला तर? हे लिहिल्याशिवाय तुमचं पान पूर्ण होत नाही, ताई.