एकच राखाडी, दोन छटा : 'सायमल्टेनियस कॉन्ट्रास्ट'ला काय म्हणावं?

तळटीप : चित्रकला शिकणाऱ्यांसाठीच्या एका पुस्तिकेचा अनुवाद करतेय. एका पानावर दोन मोठे चौकोन आहेत, एक जवळजवळ काळा, दुसरा जवळजवळ पांढरा. दोन्हींच्या मधोमध अगदी एकाच राखाडी रंगाचा छोटा चौकोन. काळ्यातला उजळ वाटतो, पांढऱ्यातला गडद. खाली शीर्षक 'सायमल्टेनियस कॉन्ट्रास्ट'. मी 'समकालिक विरोध' लिहिलं होतं, तपासणाऱ्यांनी खोडून 'विरोधाभास' केलं. विरोधाभास हा अलंकार आहे. इथे कुठली विधानं एकमेकांना छेद देतायत? कलाशाळांमध्ये रूढ असलेला शब्द कुणाला ठाऊक आहे का?

शुद्धमती : 'युगपत् विरोध' लिहावे. युगपत् म्हणजे एकाच वेळी. न्यायदर्शनात हा शब्द याच अर्थाने येतो. नेमका शब्द हाताशी असताना नवा घडवू नये.

गेरू : 'युगपत्' वाचून विद्यार्थी पान उलटेल. आमच्यात सरळ 'उठाव' म्हणतात. मागचा रंग गडद केला की पुढच्या आकाराला उठाव येतो. शब्द जिवंत आहे, तो वापरा.

पिक्सेल : हा स्क्रीनचा प्रश्न असणार. माझ्या अ‍ॅपमधला राखाडी आयकन पांढऱ्या थीमवर मळकट दिसायचा आणि काळ्या थीमवर चमकायचा. मला वाटलं, कुणीतरी फाइल बदलली. दोन्हीकडे `#808080` च होता. शेवटी ब्राइटनेस कमी केला.

जुना चष्मा : @पिक्सेल, ब्राइटनेस कमी करून फरक जाणार नाही, कारण तो स्क्रीनमध्ये नाहीच. छापील पानावरही तेच दिसतं. एका कोऱ्या कागदाला दोन भोकं पाडा, राखाडी चौकोनांपेक्षा थोडी लहान. कागद चित्रावर असा ठेवा की भोकांतून फक्त राखाडी दिसेल. दोन्ही तुकडे लगेच एकसारखे होतात. कागद उचलला की पुन्हा वेगळे. छपाईचा किंवा स्क्रीनचा दोष असता तर फरक भोकांतूनही दिसला असता.

@गेरू, 'उठाव' सुंदर शब्द आहे, पण तो वेगळ्या गोष्टीचा. उठाव म्हणजे आकार मागच्यापासून सुटा, ठळक दिसणं. पांढऱ्यावरच्या राखाडीलाही उठाव असतोच. इथली गंमत अशी की त्या राखाडीची स्वतःची छटाच सरकल्यासारखी वाटते, आणि शेजाऱ्याच्या विरुद्ध दिशेला सरकते.

गेरू : ठीक. पण मग 'समकालिक' कशाला? सगळंच एका वेळी दिसतं.

जुना चष्मा : त्याला कारण आहे. मिशेल शेव्रल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ 1824 पासून पॅरिसच्या गोबलॅँ कारखान्यात रंगाईचा प्रमुख होता. तिथे भिंतीवर लावायची विणकामाची चित्रं व्हायची. तक्रार आली की काळ्या लोकरीत दम नाही. निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या चुण्यांतल्या सावल्या त्या काळ्या धाग्याने विणल्या जात, आणि त्या फिक्या पडत. त्याने इतर ठिकाणची काळी लोकर मागवून आपल्या लोकरीशी ताडून पाहिली. त्यांच्या काळ्यात काही जास्त नव्हतं, म्हणजे रंगाईत खोट नव्हती. काळं बिघडत होतं ते शेजारच्या निळ्या-जांभळ्यामुळे, तेही पाहणाऱ्याच्या नजरेत. यावर त्याने 1839 मध्ये मोठा ग्रंथ छापला.

त्यातच त्याने दोन प्रकार वेगळे केले. लाल बराच वेळ पाहून मग कोऱ्या कागदाकडे बघितलं की हिरवट ठसा दिसतो, तो एकामागून एक होणारा प्रकार. दोन रंग एकाच वेळी शेजारी असताना घडतं ते हे. त्या पहिल्या प्रकारापासून वेगळं काढण्यासाठीच ते विशेषण आहे. ते गाळलंत तर नावातला अर्धा अर्थ जाईल.

शुद्धमती : म्हणजे 'युगपत्' आणि 'क्रमिक' अशी जोडी होते. मी तेच म्हणत होते.

वाटसरू : आपल्याकडे म्हण आहेच की, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला! 'शेजारगुण' म्हणा.

तळटीप : 'शेजारगुण' कानाला फार आवडला. पण पवळ्याला ढवळ्याचाच गुण लागतो. इथे उलट होतं. काळ्याशेजारी बांधलेला राखाडी उजळतो.

जुना चष्मा : बरोबर. म्हणीसारखं होतं, पण दुसऱ्या चित्रात. रंगीत जागेवर काळ्या किंवा पांढऱ्या बारीक रेघांची जाळी काढा. काळ्या रेघांमधला रंग गडद वाटतो, पांढऱ्या रेघांमधला फिका. तिथे शेजाऱ्याचा गुण लागतो. बेझोल्डच्या नावाने ओळखतात त्याला. 'शेजारगुण' त्यासाठी राखून ठेवा.

चेतातंतू : एवढी चर्चा कशाला? कारण सरळ आहे. डोळ्याच्या पडद्यावरच्या पेशी शेजारच्या पेशींना दाबतात. शेजारी पांढरं असेल तर दाब जास्त, म्हणून राखाडी गडद. हार्टलाइनने लिम्युलस या समुद्री प्राण्याच्या डोळ्यात हे दाखवलं, 1967 चं नोबेल त्याच्या डोळ्यावरच्या कामाला मिळालं. तेव्हा 'शेजारदाब' म्हणा आणि विषय संपवा.

जुना चष्मा : हार्टलाइनचं काम पक्कं आहे, पण त्याने विषय संपत नाही. एक तर, शेजारच्या पेशींचा दाब कडेजवळ सगळ्यात जास्त जाणवायला हवा. मोठा राखाडी चौकोन घ्या, तो कडेपासून मध्यापर्यंत जवळजवळ सारखाच उजळ किंवा गडद दिसतो. मधल्या भागाला हे कोण कळवतं?

दुसरं, मायकेल व्हाइटचं 1979 चं चित्र. काळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्या काढा. एकीकडे काळ्या पट्ट्यांचा मधला तुकडा काढून तिथे राखाडी बसवा, दुसरीकडे पांढऱ्या पट्ट्यांचा. काळ्या पट्टीत बसवलेल्या तुकड्याच्या वर-खाली लांबच लांब पांढऱ्या कडा असतात, काळं फक्त दोन टोकांना टेकतं. तुमच्या हिशेबाने तो गडद दिसायला हवा. दिसतो उजळ.

चेतातंतू : व्हाइटचं चित्र हा अपवाद धरता येईल. साध्या चौकोनांना दाबाचं कारण पुरतं.

जुना चष्मा : मग कोफ्काचं कडं बघा. अर्धी बाजू काळी, अर्धी पांढरी, आणि दोन्हींवर मिळून एक राखाडी कडं. ते बरंचसं एकसंध दिसतं. आता काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवर कड्यावरून एक पेन्सिल आडवी ठेवा. दोन्ही अर्धी वेगवेगळी दिसू लागतात. शेजार फारसा बदललेला नाही. बदललं ते एवढंच की नजर आता एका वस्तूऐवजी दोन वस्तू धरते. हेल्महोल्ट्झ म्हणायचा, मन नकळत अनुमान करतं. हेरिंग म्हणायचा, हे डोळ्यातल्या आणि मेंदूतल्या रचनेचंच काम आहे. माझ्या मते दोन्ही लागतात, पण किती कुठे यावर जाणकारांचं आजही एकमत नाही.

तळटीप : म्हणजे नावात कारण नसलेलंच बरं. 'दाब', 'अनुमान', काहीच नको. जे दिसतं तेवढंच सांगणारा शब्द हवा.

गेरू : मग 'सहविरोध'. छोटा, बोलता येतो.

शुद्धमती : 'सहविरोध' म्हणजे मिळून केलेला विरोध. सहकार, सहभोजन, तसा. अर्थ भलतीकडे जातो.

वाटसरू : एक विचारू? तुम्ही सगळे 'राखाडी' लिहिताय, आमच्या घरी याला 'करडा' म्हणतात.

गेरू : करड्यात तपकिरीची झाक असते. राखेचा रंग तो राखाडी.

वाटसरू : अजिबात नाही. मांजर करडी असते, तिच्यात कुठली तपकिरी?

जुना चष्मा : झाकेचा विषय काढलात तर हेही करून बघा. लालभडक कागदावर राखाडी तुकडा ठेवा, हिरवट झाक दिसेल, पण पुसट. वरून पातळ टिश्यू पेपर पसरा. लाल फिका होतो, तुकड्याची कड मऊ होते, आणि हिरवट झाक आधीपेक्षा स्पष्ट दिसते. कॉन्ट्रास्ट म्हणजे नुसता 'विरोध' असता, तर लाल फिका झाल्यावर झाकही कमी व्हायला हवी होती.

शुद्धमती : तरीही 'विरोध' शब्दाला पर्याय सुचवलेला नाही आपण.

गेरू : 'झाक' च घ्या की. 'प्रतिझाक'.

तळटीप : रंगीत कागदासाठी 'प्रतिझाक' मला पटतोय. पण माझ्या पानावर रंगच नाही, नुसतं काळं-पांढरं आहे. तिथे झाक कुठली म्हणू?