अपिलाची मुदत उलटली, नोटीस जुन्या ईमेलवर: विलंबमाफीचा अर्ज पुण्यात कोणाकडून लिहून घ्यावा?

चिंचवड_प्रशांत
नमस्कार मंडळी. ९ जानेवारी २०२५ ला बँकेत आयकराचा रिफंड कमी आला म्हणून पोर्टल उघडलं, तर तो जुन्या मागणीत वळता केलेला. आत पाहिलं तर निर्धारण वर्ष २०१८-१९ ची केस कलम १४७ खाली उघडून, माझं उत्तर नाही म्हणून कलम १४४ खाली १२ मार्च २०२४ ला ऑर्डर झाली आहे. ५ लाख ६० हजारांची मागणी. त्या वर्षी बँकेत भरलेली रोख पूर्णच उत्पन्नात धरली. ती वडिलांनी गावची जमीन विकून दिलेली होती, खरेदीखत घरात आहे.

सगळ्या नोटिसा गेल्या माझ्या जुन्या कंपनीच्या ईमेलवर. ती नोकरी २०२१ ला सोडली आणि रिलीव्हिंगच्या दिवशीच कंपनीच्या आयटी विभागाने मेल बंद केला. पहिलं अपील ३० दिवसांत करायचं असतं म्हणे. विलंबमाफीचा अर्ज नीट लिहून देणारं पिंपरी-चिंचवड किंवा पुण्यात कोणी सुचवा. बजेट ८ हजार, त्याच्यावर जमणार नाही.

सुहास_कोथरूड
आमचे सीए कर्वे रोडला बसतात, २५ हजार घेतात, पण माणूस एक नंबर. माझी केस त्यांनी पहिल्याच सुनावणीत काढून दिली. पैसे वाचवू नका.

वाघोलीचा_नाना
अपील विसरा. तीन महिने आणि वर एक महिना, त्यापुढे अधिकाऱ्यालाही माफीचा अधिकार नसतो. माझ्या दुकानाचं अपील याच कारणाने फेटाळलं. मला तर नोटिशीचा पत्ताच नव्हता, जुन्या अकाउंटंटच्या मेलवर सगळं.

मेघना_लॉ
नाना, तुमची केस जीएसटीची असणार, तिथे कलम १०७ मध्ये अशी कडक सीमा आहे. आयकरात कलम २४९(३) आहे. पुरेसं कारण पटलं तर अपील आयुक्त मुदतीनंतरही अपील दाखल करून घेतात, वरची मर्यादा लिहिलेली नाही. प्रशांत, नोटीस मिळालीच नाही म्हणजे ३० दिवस सुरूच झाले नाहीत. पंजाब-हरियाणा हायकोर्टाने २०२४ मध्ये मुंजाल बीसीयूच्या निकालात सांगितलंय की नुसतं पोर्टलवर टाकलं म्हणजे नोटीस बजावली असं होत नाही. अपिलाच्या फॉर्म ३५ मध्ये 'विलंब नाही' असं लिहा आणि मोकळे व्हा.

भोसरीकर_अनंत
मेघनाताई, निकाल बरोबर, पण तो इथे तंतोतंत बसत नाही. तिथे प्रश्न पोर्टलचा होता, इथे ईमेल पाठवलेला आहे. नियम १२७ मध्ये खात्याला कोणकोणते ईमेल चालतात ते दिलंय. ज्या वर्षाची केस आहे त्या वर्षाच्या रिटर्नमधला ईमेल, आणि शेवटच्या रिटर्नमधला ईमेल, दोन्ही त्यात आहेत. प्रशांतभाऊ, २०१८-१९ च्या रिटर्नमध्ये कंपनीचाच मेल होता ना? मग खातं म्हणेल आम्ही नियमाप्रमाणेच पाठवलं. 'विलंब नाही' लिहून बसलात आणि आयुक्तांना ते पटलं नाही, तर माफीचा अर्जच नाही म्हणून अपील दारातच फेटाळलं जाईल. कर सल्लागाराच्या ऑफिसात वीस वर्षं फॉर्म ३५ भरतोय, हे होताना पाहिलंय.

म्हणून विलंब 'होय' लिहा. कारणांत आधी म्हणा की बजावणी योग्य झाली नाही, आणि त्यापुढे: ती झाली असं धरलं तरी विलंब माफ करावा. दोन्ही एकाच अर्जात चालतं.

चिंचवड_प्रशांत
हो, त्या रिटर्नमध्ये कंपनीचा मेल. २०२२-२३ पासूनच्या रिटर्नमध्ये माझा जीमेल आहे, पण पोर्टलच्या प्रोफाइलमध्ये अजून जुनाच दिसतो. तो आत्ता बदलून टाकू का?

भोसरीकर_अनंत
थांबा! आधी प्रोफाइलचा स्क्रीनशॉट आणि ई-प्रोसीडिंगमधल्या प्रत्येक नोटिशीची पीडीएफ काढून ठेवा. मग बदला, कारण पुढच्या सुनावणीच्या नोटिसाही त्याच पत्त्यावर जातील. अपील फेसलेस आहे, समोर कोणी बसलेलं नसतं, कागदच बोलणार. नोकरी सोडल्याचं पत्र आणि मेल बंद केल्याचं जुन्या कंपनीच्या एचआरचं दोन ओळींचं पत्र मिळालं तर फार वजन येतं. २०२२-२३ पासूनची रिटर्न्स जोडा, म्हणजे चालू पत्ता खात्याकडे होता हे दिसेल.

आता तारखा. बजावणी १२ मार्च धरली तर मुदत ११ एप्रिल २०२४ ला संपली. तिथून ९ जानेवारीपर्यंतचं कारण सगळे लिहितात. ९ जानेवारीपासून अपील भरेपर्यंतचे दिवस कोणी लिहीत नाही, आणि अर्ज तिथेच अडकतो. कोणत्या दिवशी ऑर्डर उतरवली, कोणत्या दिवशी खरेदीखताची प्रत काढली, बँकेकडून स्टेटमेंट कधी मिळालं, हे एकेक लिहा. आणि एक अवघड प्रश्न: मोबाइल नंबर तोच होता का? एसएमएस आले असणार.

चिंचवड_प्रशांत
नंबर तोच आहे. आले असतील, पण लोन आणि स्कीमच्या मेसेजांत काही आठवत नाही. फोनही मध्ये बदलला.

मेघना_लॉ
मग एसएमएसबद्दल काहीच लिहू नका. न विचारलेलं कशाला सांगायचं?

भोसरीकर_अनंत
मला ते पटत नाही. प्रतिज्ञापत्रात 'कसलीच सूचना मिळाली नाही' असं लिहिलं आणि खात्याने एसएमएसची नोंद काढली, तर बाकीचं खरंही खोटं वाटेल. 'नोटीस किंवा ऑर्डर वाचायला मिळाली नाही, पहिली माहिती ९ जानेवारीला' एवढंच लिहा. ते खरं आहे.

सुहास_कोथरूड
माझे सीए हे सगळं स्वतःच बघतात. प्रतिज्ञापत्राला नोटरीवाले ५०० चा स्टॅम्प मागतात आता, आधी १०० चा चालायचा.

वाघोलीचा_नाना
सरकारी कामाच्या प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प लागतच नाही. नोटरीवाले तरी मागतात, मी भांडून आलो.

रेवती_सिंहगडरोड
अपीलच कशाला? माझ्या भावाने कलम २६४ खाली प्रधान आयुक्तांकडे अर्ज केला, फी ५०० रुपये, आणि ऑर्डर सुधारून मिळाली. एक वर्षाची मुदत असते, म्हणजे यांना मार्चपर्यंत वेळ आहे. विलंबमाफीची कटकटच नाही.

भोसरीकर_अनंत
रेवतीताई, मार्ग खरा आहे, आणि विलंबाचा विचार केला तर सोपाही. पण तिथे नकार आला तर ट्रिब्युनलमध्ये जाता येत नाही, फक्त हायकोर्टात रिट. शिवाय अपील भरलं की हा रस्ता बंद होतो, दोन्ही एकदम चालत नाहीत. इथे पुरावा नव्याने द्यायचाय, त्यामुळे मी अपीलच म्हणेन. खरेदीखत निर्धारणाच्या वेळी दिलेलं नाही, म्हणून नियम ४६ए चा अर्जही सोबत हवा. तो विसरलात तर विलंब माफ होऊनही हातात काही उरणार नाही.

फॉर्म ३५ ची फी १,००० रुपये. वसुली थांबवण्यासाठी मात्र तुमच्या पुण्यातल्या निर्धारण अधिकाऱ्याकडे वेगळा अर्ज करा, साधारणपणे २० टक्के भरायला सांगतात, म्हणजे १ लाख १२ हजार.

सुहास_कोथरूड
८ हजारांत हे कोणी करणार नाही, आधीच सांगितलं होतं.

चिंचवड_प्रशांत
सगळ्यांचे आभार. रात्री बायकोशी आणि वडिलांशी बोललो. सीए नको, २६४ पण नको. फॉर्म ३५ मीच भरतोय. अनंतदादांनी सांगितलं तसं विलंब 'होय', बजावणीची हरकत आधी, माफी नंतर. कारणांच्या रकान्याला ५०० शब्दांची मर्यादा दिसते, म्हणून तिथे थोडक्यात लिहून तारखांचा तपशील प्रतिज्ञापत्रात देतो. एसएमएस आले असण्याची शक्यता मी स्वतःहून लिहिणार आहे, मेघनाताई आणि दादा दोघांच्याही सल्ल्याविरुद्ध. मला लपवाछपवी जमत नाही. एचआरला काल मेल टाकलाय, उत्तर आलेलं नाही.

भोसरीकर_अनंत
लिहायचंच असेल तर तारखा न सांगता लिहा, आठवत नसलेली तारीख लिहू नका. आणि एचआरच्या पत्रासाठी थांबू नका. ते नंतर पुरवणी म्हणून जोडता येईल, पण ९ जानेवारीनंतरचे दिवस वाढतायत.