मदत हवी आहे: मीटिंगमध्ये कुणाला न तोडता मध्ये कसं बोलायचं?

मुलुंडची_मेधा: आमच्या सोसायटीची रीडेव्हलपमेंटची मीटिंग मराठीत होते, टेबलाभोवती नऊ जण. समोरच्याचं झालं की बोलू म्हणून मी थांबते, तोवर दुसरंच कुणीतरी सुरू झालेलं असतं. मध्ये बोलले की "ताई, पूर्ण करू द्या ना" ऐकावं लागतं. नेमकं कधी तोंड उघडायचं?

सावकाश: सोपं आहे. समोरचा थांबला की मनात दोन आकडे मोजा, मग बोला. कुणालाच राग येत नाही.

प्लेसमेंट२६: नोकरीच्या ग्रुप डिस्कशनमध्ये पहिल्यांदा बोलायचं बघा, पॅनेल तेच बघतं.

मुलुंडची_मेधा: अहो, नोकरीचं नाही हो, सोसायटीचं विचारतेय.

क्रियापद_शेवटी: सावकाशजी, राग येत नाही हे खरं, पण नऊ जणांत दोन सेकंद कुणी मोकळे सोडतच नाही. गप्पांत एकाचं संपणं आणि दुसऱ्याचं सुरू होणं यांत साधारण सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो. साधा एखादा शब्द उच्चारायची तयारी करायलाच अर्ध्या सेकंदाहून जास्त लागतो. म्हणजे पटकन बोलणारे शांततेची वाट बघतच नाहीत, वाक्य कुठे संपणार ते आधी ओळखून तयार बसतात.

संभाषणाचा अभ्यास करणाऱ्या सॅक्स, शेग्लॉफ आणि जेफरसन यांनी 1974 मध्ये पुढची पाळी कुणाची याचा क्रम मांडला. बोलणाऱ्याने कुणाला नाव घेऊन विचारलं तर पाळी त्याची. नाही विचारलं तर जो आधी सुरू करेल त्याची. कुणीच सुरू केलं नाही तर पहिलाच पुढे चालू ठेवू शकतो. मेधाताई, तुम्ही दोन आकडे मोजत बसलात तर दुसरी पायरी हातची जाते.

मराठीत एक सोय आहे, क्रियापद सहसा शेवटी येतं. समजा सेक्रेटरी म्हणाले: "बिल्डरने कॉर्पस वाढवून दिला तर आपण सही करायला हरकत नाही." "दिला तर"पाशी आवाज टांगलेला राहतो, तिथे घुसलात तर तोडणंच झालं. "सही करायला" ऐकलं की शेवट दिसू लागतो. तिथे श्वास घ्या, जरा पुढे सरका, सेक्रेटरींकडे बघा. "हरकत नाही"च्या "नाही"वर आवाज खाली आला की लगेच: "हो, आणि भाड्याचं काय, ते कुठल्या महिन्यापासून?"

सुरुवातीचे एकदोन शब्द वाया गेले तरी चालतील असे ठेवा: "हो, आणि", "बरं, एक". ते दुसऱ्याच्या आवाजात बुडतात. "भाडं" हा शब्द त्यांच्या मागे ठेवा.

सावकाश: आणि दोघं एकदम सुरू झाले तर?

क्रियापद_शेवटी: बहुतेक वेळा एकजण दोनतीन अक्षरांत थांबतो. दुसरा स्पष्ट आधी सुरू झाला असेल तर तुम्हीच थांबा आणि त्याच्या वाक्याच्या शेवटी तुमचं पहिल्यापासून म्हणा. अर्ध्यावरून उचललंत तर कुणाला काही कळत नाही. तुम्ही आधी असाल तर आवाज चढवू नका, शब्द जरा लांबवा, "भाड्याऽऽचं". आवाज चढवला की दुसराही चढवतो, आणि मग ते भांडण वाटतं.

आणखी एक. ऐकताना सारखं "हं, हं" करत असाल तर बोलणारा त्याचा अर्थ "चालू ठेवा" असाच घेतो. बोलायचं असेल तेव्हा "हं" थांबवून "हो, पण" वर या.

घरूनच_काम: आमच्याकडे तर सगळं व्हिडिओ कॉलवर. हे सगळं करूनही दोघं एकत्र बोलतोच.

क्रियापद_शेवटी: तिथे आवाज उशिरा पोचतो. एका बाजूला पाव सेकंद उशीर असेल तर तुमचं "हो" समोरच्याला शांतता लांबल्यावर ऐकू येतं, तोवर त्याने पुढचं वाक्य सुरू केलेलं असतं. कॉलवर हात वर करायचं बटण वापरा, किंवा बोलणाऱ्याने शेवटी पुढच्याचं नाव घ्यावं. टेबलावरची युक्ती तिथे अर्धीच चालते.

मुलुंडची_मेधा: एक काका आहेत, त्यांचं वाक्य संपतच नाही. "...आहे, कारण...", "...नाही, म्हणजे...".

क्रियापद_शेवटी: ते मुद्दाम असो वा सवय, शेवट आला की श्वास न घेता पुढचा "कारण" चिकटवतात. "आहे" आणि "कारण" यांच्यामध्ये जागाच नाही. अशा वेळी त्यांच्या मुद्द्याला धरून प्रश्न टाका: "काका, कारण म्हणजे भाडं का?" निदान उत्तर द्यायला ते वळतात.

सावकाश: हे मला तोडणंच वाटतं. त्यापेक्षा चेअरमनने पाळी द्यावी.

क्रियापद_शेवटी: चेअरमन देत असतील तर उत्तम, तेव्हा हात वर करणं पुरे. नसतील देत, तर प्रश्न आणि आक्षेप यांत लोक फरक करतात. पण काकांना तो पटेल की नाही, ते तिथे बसूनच कळेल.

मुलुंडची_मेधा: रविवारी मीटिंग आहे. "सही करायला"पाशी श्वास घेऊन बघते. काका चेअरमनचे सख्खे भाऊ आहेत, हे सांगायचं राहिलं.