गुरुत्वमध्य, गुरुत्वकेंद्र की भारमध्य? (आणि ‘वजन’ म्हणजे नक्की काय)

रामबागकर (इंदूर):
नमस्कार मंडळी. आमच्या रंगाच्या कंपनीची डेपोंसाठी एक पुस्तिका आहे, तिचं मराठी माझ्या गळ्यात पडलंय. खानदेशातल्या डेपोंत जाणार आहे. नवं वितरण केंद्र कुठं असावं हे काढायची जी ‘सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी’ पद्धत आहे, तिला मी बिनदिक्कत ‘गुरुत्वकेंद्र पद्धत’ लिहून मोकळा झालो. पुण्याची चुलत बहीण म्हणते, हे हिंदी झालं, मराठीत गुरुत्वमध्य. शिवाय ‘गुरुत्वकेंद्रावर वितरण केंद्र’ असं वाक्य झालं की दोन केंद्रं एकमेकांवर आदळतात.

दुसरी अडचण जास्त नडते आहे. तक्त्यातल्या ‘वेट’च्या रकान्याला मी ‘वजन’ लिहिलं, तर धुळ्याच्या डेपोनं तिथं सरळ टन भरून पाठवले. तिथं टन गुणिले भाड्याचा दर हवा होता. काय लिहू?

मैत्रेयी_व (पुणे):
गुरुत्वमध्यच. शाळेच्या पुस्तकात तेच आहे. पण खरं तर इथं गुरुत्व आहेच कुठं? पृथ्वी रंगाचे डबे वितरण केंद्राकडे ओढत नाही. ‘भारमध्य’ म्हणा, आणि रकान्याला ‘भारांक’. वजन हा शब्द किलोसाठी राखून ठेवा.

बाळू_ट्रान्सपोर्ट (देवास नाका, इंदूर):
भार बरोबर आहे. भार वाहायचा म्हणून भाडं, शब्द तिथूनच आला. म्हणजे भारमध्य म्हटलं की भाडं त्यात आपसूक आलं. बाकी आमच्याकडे कुणी मध्य-बिध्य काढत नाही. गाडी रिकामी परत येणार नाही अशा जागी, म्हणजे सांवेर रोडला, गोडाऊन घ्यायचं, संपलं.

मैत्रेयी_व:
बाळूदादा, भाडं हे ‘भाटक’वरून. भाराशी नातं नाही.

बाळू_ट्रान्सपोर्ट:
असेल. पण भार नसला तर भाटक देतो कोण?

सदाशिव_मास्तर (लष्कर, ग्वाल्हेर):
गुरुत्व शब्द काढू नये. चाळीस मुलांच्या वर्गात मी हा प्रयोग करून दाखवत असे. नकाशा टेबलावर पसरायचा, प्रत्येक गावाच्या जागी भोक पाडायचं, भोकातून दोरा सोडून खाली त्या गावाच्या मालाइतकं वजन टांगायचं. वरची सगळी टोकं एका गाठीत बांधायची आणि गाठ सोडून द्यायची. ती जिथं थांबेल तो गुरुत्वमध्य, तिथं गोदाम. ओढणारी वजनं खरी आहेत, त्यांना ओढणारी पृथ्वी खरी आहे. मग गुरुत्व नाही कसं?

अनघा_बडोदा:
मास्तर, प्रयोग अगदी खरा, पण गाठ थांबते तो गुरुत्वमध्य नव्हे. या चौकटीला व्हॅरिन्यॉनचं नाव आहे, आणि 1909 साली कारखान्याच्या जागेचा विचार मांडताना आल्फ्रेड वेबरच्या मांडणीत ती आली. दोऱ्याला टांगलेलं वजन गाठ जवळ असो की लांब, तेवढ्याच जोरानं ओढतं. म्हणून गाठ थांबते तिथं टन गुणिले अंतर यांची बेरीज सर्वात कमी असते, म्हणजे भाडं सर्वात कमी. गुरुत्वमध्य काढायचा तर पुठ्ठ्यावर गावांच्या जागी वजनं चिकटवून पुठ्ठा एका बोटावर तोलावा लागेल. तिथं लांबचं वजन लांब असल्यामुळे जास्त जोर लावतं. त्या बिंदूशी अंतराच्या वर्गांची बेरीज कमीत कमी होते. ट्रकवाला किलोमीटरचे पैसे घेतो, किलोमीटरच्या वर्गाचे नाही.

रामबागकर, तुमचे आकडे देता का? मग दाखवते.

रामबागकर:
खरे देता येणार नाहीत, पुस्तिकेतले उदाहरणाचे देतो. महिन्याला इंदूर 50 टन, भोपाळ 20, ग्वाल्हेर 15, जबलपूर 15. इंदूर शून्य धरून पूर्वेला आणि उत्तरेला किलोमीटर: भोपाळ 160 आणि 60, ग्वाल्हेर 240 आणि 390, जबलपूर 420 आणि 50. सगळीकडे दर एकच धरलाय. B रकान्यात टन, C मध्ये पूर्व:

```
=SUMPRODUCT(B2:B5,C2:C5)/SUM(B2:B5)
```

उत्तर आलं पूर्वेला 131, उत्तरेला 78. नकाशावर ते सीहोरच्या उत्तरेला वीस-पंचवीस किलोमीटरवर, शेतात पडतं.

अनघा_बडोदा:
आता त्या शेतातून चारही गावांची अंतरं काढून टनांनी गुणा. बेरीज साधारण 17,600 टन-किलोमीटर येते. मग गोदाम इंदुरातच ठेवून तीच बेरीज करा. इंदूरचं अंतर शून्य, बाकी तिघांचे मिळून 16,600. म्हणजे पद्धतीनं काढलेल्या जागेपेक्षा हजार टन-किलोमीटर कमी. गंमत म्हणजे भोपाळला ठेवलं तरी 17,500 च्या आसपास, तेही शेतापेक्षा किंचित स्वस्त.

दोष ग्वाल्हेरचा आहे, मास्तरांनी राग मानू नये. माल फक्त 15 टन, पण 390 किलोमीटर उत्तरेला असल्यानं बिंदू जो 78 वर सरकला त्यातले जवळजवळ 59 एकट्या ग्वाल्हेरनं सरकवले. दोऱ्याच्या टेबलावर ग्वाल्हेर एवढं ओढू शकलं नसतं. तिथं एका गावाचा माल एकूण मालाच्या निम्मा किंवा जास्त असला की गाठ त्या गावाच्या भोकातच जाऊन बसते. इंदूरचे 50 बरोबर निम्मे आहेत.

म्हणून मी सूत्राचं उत्तर आलं की त्याची बेरीज आणि प्रत्येक गावाची बेरीज शेजारी शेजारी मांडते. एखादं गाव स्वस्त निघालं तर सूत्रानं फसवलंय हे तिथंच कळतं. खरा बिंदू हवा असेल तर प्रत्येक वजनाला सध्याच्या बिंदूपासूनच्या अंतरानं भागून तेच सूत्र पुन्हा चालवायचं, बिंदू हलायचा थांबेपर्यंत. ही वाइसफेल्डची 1937 ची रीत.

मैत्रेयी_व:
थांबा, मग शब्दाचा निकाल लागलाच की! आपल्या संख्याशास्त्रात सरासरी म्हणजे ‘मध्य’ आणि मधली संख्या म्हणजे ‘मध्यक’. तुमच्या सूत्राचा बिंदू भारित सरासरीचा, म्हणजे गुरुत्व*मध्य*. मास्तरांची गाठ बसते तो *मध्यक*. एका ‘क’चा फरक आणि हजार टन-किलोमीटर.

रामबागकर:
छान आहे, पण आम्ही इंदूरवाले माध्य, माध्यिका आणि बहुलक शिकलो. त्यातही माध्यिका म्हणजे त्रिकोणातली रेघही आणि संख्याही. मध्य आणि मध्यक लिहिलं तर इथला माणूस दुसरा शब्द छपाईची चूक समजून ‘क’ खोडेल.

सदाशिव_मास्तर:
अनघाताई, वर्ग आणि साधं अंतर हा भेद मान्य. पण लोकांनी दोन्हींना एकच नाव दिलं आहे तर ते का बदला? मुलांना टेबलावरची गाठ कळते, पुठ्ठा कळत नाही.

अनघा_बडोदा:
नाव बदला असं मी म्हणत नाही, मास्तर. कामाच्या जागी सगळे ‘सीओजी’ म्हणतात, मीही म्हणते. फक्त पुस्तिकेत ‘कमीत कमी खर्चाची जागा’ असं लिहू नये, कारण ती ती नसते.

आणि रामबागकर, मूळ तक्त्यात एक मोठी गोष्ट राहिली. माल येतो कुठून?

रामबागकर:
बडोद्याहून! तुमच्याच गावातून. पूर्ण ट्रक भरून येतो.

अनघा_बडोदा:
मग बडोदाही एक बिंदू झाला. इंदूरपासून पश्चिमेला 270, दक्षिणेला 45. येणारा माल पूर्ण 100 टन, पण भरल्या मोठ्या ट्रकचा टन-किलोमीटरचा दर छोट्या गाडीच्या निम्मा पडतो असं धरू. म्हणजे रकान्यात 100 नाही, 50 लिहायचे. आता उत्तर काढा. पूर्व-पश्चिम जवळपास शून्य, उत्तरेला 37. सीहोरचं शेत सोडून बिंदू सांवेरच्या पलीकडे, उज्जैनच्या वाटेवर आला. धुळ्याच्या डेपोसारखे इथं नुसते टन भरले असते तर बडोद्यानं दुप्पट जोरानं ओढलं असतं. म्हणून तुमची दुसरी अडचण पहिलीपेक्षा महत्त्वाची आहे. तिथं ‘वजन’ नकोच.

बाळू_ट्रान्सपोर्ट:
घ्या, शेवटी सांवेर रोडच! आम्ही काय वेगळं सांगत होतो? पण ताई, हे सगळं कागदावरचं सरळ अंतर. ग्वाल्हेर कागदावर साडेचारशे, गाडी पाचशेच्या आसपास चालते.

अनघा_बडोदा:
खरं आहे. सगळ्या दिशांना रस्ता साधारण एकाच प्रमाणात वाढत असेल तर बिंदू हलत नाही, नुसता खर्च वाढतो. पण मध्ये घाट किंवा नदी आली आणि एकाच दिशेची वाट वाकडी झाली, तर रस्त्याची खरी अंतरं घेऊन चार-पाच जागांचीच तुलना करावी लागते. इंदूर आणि हा सांवेरचा बिंदू यांत फरक पाचेक टक्क्यांचा आहे, तोही इंदूरच्याच बाजूनं. एवढ्या फरकात जागेचं भाडं आणि हमाल मिळणं जास्त बोलतं. आणि 2017 च्या जुलैआधी हे गणित फारसं कामाचंच नव्हतं. केंद्रीय विक्रीकर वाचवायला कंपन्या राज्याराज्यात डेपो टाकायच्या, मध्य कुठंही असो. जीएसटीनंतर सूत्राला किंमत आली.

कुंदा_मावशी (इंदूर):
मी सगळं वाचलं, निम्मं कळलं. माझं डब्यांचं काम आहे, स्वयंपाकघर राजवाड्यामागे. निम्म्याहून जास्त डबे भंवरकुआँच्या होस्टेलांत, बाकी पलासिया आणि विजयनगर. म्हणजे मी भंवरकुआँला जायचं का? गुरुत्वमध्य पाहायचा की मध्यक?

अनघा_बडोदा:
मावशी, दोन्ही नाही. हे गणित प्रत्येक गावाला गाडी वेगळी जाते आणि परत येते असं धरून चालतं. तुमचा मुलगा एकाच फेरीत सगळे डबे देतो ना? मग भंवरकुआँला चाळीस डबे असोत की चार, पेट्रोल तेवढंच. तुमची जागा फेरीच्या वाटेवर कुठंही चालेल, राजवाडा वाईट नाही.

कुंदा_मावशी:
दोन मुलं आहेत, दोन फेऱ्या.

मैत्रेयी_व:
विषयावर येऊ या? रकान्याला ‘भारांक’, पद्धतीला ‘भारमध्य’. कुणाला आक्षेप?

सदाशिव_मास्तर:
आहे. भारमध्य म्हटलं की भार पुन्हा किलोतच मोजतील. तुमचं वजन गेलं आणि मागच्या दारानं भार आला.

रामबागकर:
परवा छपाईला जायचंय. पद्धतीचं नाव ‘सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी’ देवनागरीत, आणि रकान्यावर ‘टन × भाडेदर’. सध्या एवढंच.

मैत्रेयी_व:
मग ती मराठी पुस्तिका कशी?

बाळू_ट्रान्सपोर्ट:
ड्रायव्हरला कळली की मराठीच. रामबागकर, सांवेर रोडला गोडाऊन बघायचं असेल तर सांगा, आणि मावशी, दोन फेऱ्या कोणत्या वाटेनं ते टाका.