अनुभव धागा: फ्रंट डेस्क, किचन, हाउसकीपिंग... तिन्हीकडे फिरताना काय बघितलंत?

तळकोकणी: धाकटी बहीण पुढच्या महिन्यात मालवणजवळच्या एका रिसॉर्टात सहा महिन्यांच्या इंटर्नशिपला जातेय. तिन्ही खात्यांत दोन-दोन महिने. ज्यांनी हे केलंय त्यांनी लिहा. कुठे काय बघायचं?

खाडीकाठची: मी सिंधुदुर्गातच केली, चौदा खोल्यांच्या ठिकाणी. एक प्रसंग सविस्तर लिहिते, त्यात तिन्ही खाती येतात.

शनिवारची सकाळ. मी डेस्कवर. कोकणकन्येने कुडाळला उतरलेलं कुटुंब नऊच्या सुमारास दारात. चेक-इन बाराचं, पण सोबत म्हातारी आजी आणि लहान मूल. स्क्रीनवर सात नंबर रिकामी, आणि तिच्यापुढे 'साफ' असंही दिसत होतं. मी चावी दिली. दोनच मिनिटांत वरून आरडाओरडा. आत पाच माणसं झोपलेली!

झालं असं, की त्या पाच जणांनी रात्रीच बिल भरलं होतं. रात्रपाळीच्या मुलाने पैसे घेतले आणि सिस्टिममध्ये चेकआउटच करून टाकलं. 'साफ' ही खूण तर त्यांच्या आधीच्या दिवसापासून तशीच राहिलेली. बिल भरणं आणि खोली सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या दिवशी कळलं. नंतर आम्ही एक रीत लावली: पैसे रात्री घ्या, पण चेकआउटची नोंद चावी हातात आल्यावरच.

पुढचा धक्का किचनमध्ये. नाश्त्याची माणसं त्याच स्क्रीनवरून मोजलेली, म्हणजे तिथेही पाच कमी. आंबोळीचं पीठ रात्रभर आंबवलेलं असतं, ते सकाळी वाढवता येत नाही. मावशींनी तांदळाच्या पिठाचे घावणे करून वेळ निभावली. नंतर मी किचनमध्ये गेले तेव्हा बघितलं, की मावशी सकाळी पहिला प्रश्न 'खोल्या किती' असा विचारत नाहीत, 'माणसां किती, पोरां किती' असा विचारतात.

वेंगुर्ल्याचा: हाउसकीपिंगचं मी सांगतो. सकाळी फेरी मारून कागदावर लिहायचं, कुठली खोली भरलेली, कुठली रिकामी. मग तो कागद डेस्कच्या स्क्रीनशी ताडायचा. सोपं आहे. बॅग नाही म्हणजे खोली रिकामी.

जुनी सुपरवायझर: अर्धं बरोबर. तारकर्लीला पहाटे डॉल्फिन बघायला निघालेले लोक छोटी बॅग बरोबरच नेतात. बॅगेवर जाऊ नका. चार्जर, ब्रश, कपाटातले कपडे, गॅलरीत वाळत घातलेले ओले कपडे बघा. बिछाना वापरलेला नाही पण सामान आहे, तर तसंच लिहा: सामान आहे, पाहुणा झोपला नाही. 'रिकामी' लिहिलंत तर डेस्क ती खोली विकून मोकळं होईल. उलट प्रकारही होतो. स्क्रीनवर भरलेली, आत मात्र काही नाही, आणि बिल बाकी. असं दिसलं की खोली आवरायला घेऊ नका, आधी डेस्कला फोन. दुपारी दोनला सांगून काय उपयोग, तोवर गाडी घाट चढून गेलेली असते.

पावसाळी: आमची इंटर्नशिप जूनमध्ये सुरू झाली, त्यामुळे माझा अनुभव वेगळा. 1 जून ते 31 जुलै समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद. डेस्कवरची मुलगी फोनवर 'हो, ताजी सुरमई मिळेल' सांगत राहिली. किचनमध्ये फ्रीजरमधली सुरमई आणि खाडीची थोडी मासळी. पाहुणे ताटावरून उठले. तेव्हापासून रोज सकाळी किचनमधून डेस्कवर चिठ्ठी यायची, आज काय आहे आणि काय नाही याची. हाउसकीपिंगमध्ये चादरी वाळायच्या नाहीत. वरून कोरडी वाटते, घडीच्या आत हात घातला की दमट. ती कपाटात गेली की सगळ्या थप्पीला कुबट वास.

बागायतदार: आमचं गुहागरला चार खोल्यांचं घरगुती निवास आहे. आम्हाला इंटर्न मिळेल का? जेवून-राहून किती द्यावे लागतात?

जुनी सुपरवायझर: दादा, त्यासाठी वेगळा धागा काढा. पण चार खोल्यांत तिन्ही खाती एकच माणूस सांभाळतो, तिथे हा ताळा शिकायला मिळणार नाही.

बागायतदार: असं कसं म्हणता? आमच्याकडे वहिनी चावी देते, तीच घावणे घालते, तीच चादर बदलते. चूक व्हायला जागाच नाही.

तळकोकणी: @खाडीकाठची, पण पहाटे पाचला निघणारे चावी दारालाच ठेवून जातात. मग नोंद कोण करतं?

खाडीकाठची: तिथे आमचंही अडतंच. रात्रपाळीचा मुलगा आणि हाउसकीपिंगची ताई, दोघं एकमेकांवर ढकलतात. बहिणीला पहिल्याच आठवड्यात हे विचारायला सांग.